शिखर शिंगणापूरची चैत्री यात्रा: कधी जावं, काय बघावं, काय सोडून द्यावं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी गुढीपाडवा जवळ आला की मला तेच तेच मेसेज येतात, कारण आमचं मूळ शिंगणापूरच्याच माण तालुक्यातलं आणि पाव्हण्यांना वाटतं याला सगळं माहीत. सगळं नाही, पण बऱ्याच यात्रा पायाखालून गेल्यात, त्यामुळे एकदाच लिहून ठेवतो, आता लिंक पाठवायची आणि गप बसायचं.

यात्रा नक्की कधी असते? तारीख सांगा ना सरळ.

सरळ सांगता येत नाही, तिथीवर असते. चैत्र शुद्ध प्रतिपदा म्हणजे पाडव्यापासून पौर्णिमेपर्यंत यात्रा चालते. पंचमीला देवाला हळद लागते, अष्टमीला रात्री शंभू महादेव-पार्वतीचं लग्न, आणि द्वादशीला कावडी मुंगी घाट चढून वर येतात. बाहेरून येणाऱ्या माणसाच्या कामाच्या तिथ्या दोनच, अष्टमी आणि द्वादशी.

तारखा कशा हलतात बघा. २०२५ ला द्वादशी ९ एप्रिलला होती, २०२६ ला ३० मार्चला, आणि २०२७ ला पंचांगानुसार १८ एप्रिल येते, रविवार. मधी एवढी उडी का, तर आपलं चांद्र वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून तारीख मागं मागं सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम पुढं जाते (२०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे). हे पंचांगपुराण सांगायचं कारण एवढंच की ३० मार्चचं ऊन आणि १८ एप्रिलचं ऊन यात लय फरक आहे, म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्याचा अनुभव ह्या वर्षी जसाच्या तसा लागू पडत नाही. आणि तिथी कधी कधी सकाळीच संपते, त्यामुळे रजा टाकायच्या आधी देवस्थानचा छापील कार्यक्रम बघा, तो खरा.

अष्टमी का द्वादशी? एकच दिवस जमणार आहे.

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं. लोक म्हणतात यात्रेला जाऊ, कावडी बघू, देवाचं दर्शन घेऊ, देऊळ निवांत बघू, संध्याकाळी माघारी. हे एका दिवसात होत नाही. द्वादशीला घाट बघायचा, देव नाही. ज्याला देव बघायचाय त्यानं दुसऱ्या दिवशी यावं.

अष्टमीला शंभू महादेवाच्या कळसापासून शेजारच्या बळीच्या देवळाच्या कळसापर्यंत लांबच लांब ध्वज बांधतात, पागोटं म्हणतात त्याला. आपण खाली अंगणात उभं राहून मान वर करून बघत बसायचं, माणसं उंचावर आणि तो कापडाचा पट्टा एका शिखरावरून दुसऱ्या शिखराकडं हळूहळू सरकतोय. रात्री लग्न. लग्न रात्री असल्यामुळे ऊन टळतं, दुपारी चारनंतर पोचलात तरी बरंच काही हाताला लागतं. गर्दी असतेच, पण श्वास घेता येतो. म्हातारी माणसं, लहान पोरं बरोबर असतील तर मी डोळे झाकून अष्टमी सांगतो. २०२७ ला अष्टमी १४ एप्रिलला येतेय, आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे त्या वर्षी अष्टमीलाही नेहमीपेक्षा जास्त लोक धरून चाला.

द्वादशी म्हणजे वेगळंच प्रकरण.

मुंगी घाटात असं काय आहे की लोक एवढे मरतात त्याच्यासाठी?

शिखर हे साधारण हजार मीटर उंचीवर आहे. आपण साताऱ्याकडून, दहिवडीकडून गाडीनं येतो तो रस्ता सोपा. उत्तरेच्या बाजूला मात्र डोंगर सरळ तुटलेला, खाली कोथळे गाव, सोलापूर जिल्ह्यातलं, माळशिरस तालुका. तिथून जी वाट वर येते तो मुंगी घाट. रिकाम्या हातानं चढायचं तरी हात टेकावे लागतात असा उभा चढ, आणि त्यातनं ह्या कावडी वर आणतात. कावड म्हणजे जाड बांबू, दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेली भांडी, वर रंगीत कापडं आणि झेंडे. खांद्यावर घेतलेली कावड वाटेत जमिनीला टेकवायची नाही. सासवडकडच्या कावडी कऱ्हेचं पाणी घेऊन चालत येतात आणि त्यातली तेल्या भुत्याची कावड सगळ्यात मानाची, ती शेवटी चढते. रात्री त्या पाण्यानं देवाला अभिषेक.

चढतात कसं, तर माणसांची साखळी. एकमेकांचे हात धरून, कंबर धरून खालपासून वरपर्यंत माणसंच माणसं, आणि कावड ह्या हातातून त्या हातात. मी एकदा वरच्या कड्यापाशी उभा होतो, माझ्यापासून दहा-बारा फुटांवर एक कावड अडकली. पुढच्या माणसाचा पाय दगडावरून सटकला, बांबू तिरका झाला, भांड्यातलं पाणी डचमळून त्याच्या मानेवर सांडलं, आणि पाठीमागून चार-पाच हात एकदम आले आणि बांबू सरळ झाला. कोण कुणाचं ते माहीत नाही. हलगीवाला तेवढ्या वेळात थांबला नव्हता. आणि सगळे देवाला एकेरीत हाक मारत असतात, म्हाद्या म्हणून, धाव म्हणून, अक्षरशः दम देतात देवाला. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, घरातल्या माणसावर ओरडावं तसं ओरडतात. हे व्हिडिओत दिसतं पण कळत नाही.

म्हणून म्हणतो, वातावरणच बघायचं असेल तर द्वादशीला पर्याय नाही. अष्टमी चांगली आहे, पण ती कुठल्याही मोठ्या देवस्थानच्या लग्नसोहळ्यासारखी आहे. मुंगी घाट दुसरीकडं नाही.

मग द्वादशीला ऊन किती? एसीत बसणारी माणसं आहोत आम्ही.

माण म्हणजे पर्जन्यछायेतला दुष्काळी पट्टा, हे सांगायला नको. एप्रिलच्या मध्याला खाली पारा चाळिशीच्या आसपास जातो, वर शिखरावर दोन-चार डिग्री कमी असेल, पण तेवढ्यावर जाऊ नका. त्रास हवेपेक्षा दगडाचा जास्त होतो. सगळा काळा कातळ सकाळपासून तापतो आणि दुपारी तीन-चारला आतून भट्टीसारखा वाफ मारायला लागतो, कड्यावर झाड नाही, आडोसा नाही. आणि कावडींची चढाई बघायची तर नेमकं तेव्हाच तिथं उभं राहायला लागतं, कारण कावडी ऊन उतरता उतरता चढतात आणि तुम्ही पाचला पोचलात तर कड्याजवळची जागा कधीच गेलेली असते. म्हणजे तीनला जागा धरा, सातपर्यंत उभे राहा, चार तास. हा ह्या दिवसाचा खरा खर्च, पेट्रोल-बिट्रोल काही नाही.

छत्री नेऊ नका, गर्दीत उघडता येत नाही आणि काडी कुणाच्या तरी डोळ्यात जाते. सुती उपरणं न्या, ओलं करून डोक्यावर. पाणी माणशी तीन लिटर, घरून भरून, कारण यात्रेत बाटली मिळते पण त्यासाठी तुम्हाला जागा सोडायला लागते. एक बाटली ओआरएसची किंवा नुसतं मीठ-साखर-लिंबू. आदल्या दिवशी एकादशीचा कडक उपवास करून लगेच द्वादशीला उन्हात उभं राहणारे खाली बसलेले मी दरवर्षी बघतो, उपवास असला तरी पाण्यात कंजूषपणा करू नका.

ओळखायचं कसं? पायाला पेटके, डोकं ठणकणं, लघवी गडद पिवळी, इथपर्यंत सावलीत बसून पाणी पिऊन भागतं. पण माणूस बरळायला लागला, चालताना झोकांड्या खायला लागला, अंग तापलंय तरी घाम थांबलाय, तर मग थांबायचं नाही, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वैद्यकीय पथकाकडं हलवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

चपला काढून रांगेत उभं राहायचं का?

हो, आणि हे कुणी आधी सांगत नाही. दुपारी बारा ते चार देवळाच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. जाडसर सुती मोजे पिशवीत ठेवा. आमच्या आत्यानं एका वर्षी हसून नको म्हटलं आणि रात्री दोन्ही तळव्यांना फोड. पुढच्या वर्षी तिनंच सगळ्यांना मोजे वाटले.

गाडी देवळापर्यंत जाते का?

एरवी वरच्या गावापर्यंत जाते, तिथून बाजारातनं पायऱ्या चढून देऊळ. यात्रेच्या मुख्य दिवसांत विसरा. गाड्या गावाच्या बऱ्याच अलीकडं शेतात, माळावर थांबवतात, तिथून चालत. दरवर्षी पार्किंगची जागा आणि एकेरी रस्ते बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या माळावर थेट जाऊ नका, नाक्यावर पोलीस सांगतील तिकडंच वळा. गाडी लावली की पहिला फोटो त्या जागेचा काढा, शेजारचा खांब, बोर्ड, काहीतरी. रात्री दहाला अंधारात हजारभर पांढऱ्या गाड्यांत आपली शोधणं म्हणजे वेगळी यात्रा. मी स्वतः दीड तास शोधलीय, बायको अजून काढते ते.

खरं तर द्वादशीला एसटीच बरी. फलटण, दहिवडी, नातेपुते बाजूनं जादा गाड्या असतात, आणि त्या आपल्या गाडीपेक्षा जवळ सोडतात. फक्त परतीला रात्री साताठच्या दरम्यान सगळा लोंढा एकदम स्टँडवर येतो, तेव्हा एक तर चढाई संपायच्या आधी निघा नाहीतर दहापर्यंत बसून राहा, मधल्या वेळेत धक्काबुक्की करण्यात अर्थ नाही.

कड्यावर उभं राहणं सेफ आहे का?

एकदम टोकाला नाही. पाठीमागनं रेटा आला की पुढच्याला थांबता येत नाही आणि पुढं उतार आहे. माझा नियम, माझ्या आणि कड्याच्या मधी दोन रांगा माणसं पाहिजेत आणि बाजूला निघायला वाट पाहिजे. लहान पोरांना खांद्यावर घेऊन घाटाच्या तोंडाशी जाऊ नये, आणि हौसेनं साखळीत शिरू नये. ती माणसं वर्षानुवर्षं करतात, कुणाचा हात कधी सुटणार त्यांना कळतं, तुम्हाला नाही. गर्दीत छातीवर दाब यायला लागला, हात वर काढता येईना, तर ते लक्षण वाईट, तेव्हाच तिरकं तिरकं बाजूला सरकायला लागा, गर्दीच्या उलट नाही. मांढरदेवला २००५ साली काय झालं ते सातारा जिल्ह्यात कुणाला सांगायला नको.

फोन चालेल असं धरू नका. चुकलो तर कुठं भेटायचं ते गाडीतनं उतरतानाच ठरवा, आणि ‘देवळापाशी’ असं ठरवू नका, सगळं गाव देवळापाशीच असतं.

त्या दिवशी दर्शन खरंच होत नाही?

होतं, तासन्‌तास रांगेत उभं राहून. पण मग घाट चुकतो. आणि गाभाऱ्यापाशी एक क्षण मिळतो, पुढं चला म्हणून ढकलतात. देऊळ म्हणून जे बघायचंय, ते कोरीव खांब, पुढचे नंदी, गाभाऱ्यातल्या दोन पिंडी, एक महादेवाची एक पार्वतीची, हे काही दिसत नाही. गाव वसवलं ते यादव राजा सिंघणाच्या नावावरनं असं मानतात. खालचं तळं मालोजीराजांनी बांधलं, भोसले घराण्याचं हे कुलदैवत. बळीच्या देवळाच्या बाजूला शहाजीराजे, शिवाजी महाराज, संभाजी महाराज यांची स्मारकं आहेत, यात्रेत त्यांच्यापुढनं लोक चालत जातात आणि कुणाचं लक्षसुद्धा जात नाही. तळंही चैत्रात बहुतेक तळ गाठलेलं असतं, भरलेलं बघायचं तर पावसाळ्यानंतर या.

आलोच आहोत तर कास, ठोसेघर, महाबळेश्वर करून येऊ?

नको. अंतर राहू दे बाजूला (महाबळेश्वर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला), पण चैत्रात कासवर फुलं नसतात, फुलांचा हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरचा. ठोसेघरचा धबधबा एप्रिलमध्ये म्हणजे नुसता काळा कडा. नकाशावर सातारा जिल्हा लिहिलंय म्हणून सगळं एका ट्रिपमध्ये कोंबणारी पुण्यामुंबईची मंडळी बघितली की मला त्यांच्या ड्रायव्हरची दया येते.

जोडायचंच तर जवळचं जोडा. गोंदवले, ब्रह्मचैतन्य महाराजांचं, दहिवडीपासून अगदी जवळ, दुपारी तिथं सावली आणि शांतता दोन्ही मिळतं. फक्त रामनवमी अष्टमीच्या दुसऱ्याच दिवशी, तेव्हा तिथंही उत्सवाची गर्दी, म्हणजे अष्टमीला शिखर आणि नवमीला निवांत गोंदवले हे गणित जमत नाही. फलटणला राममंदिर आणि राजवाडा. औंधला भवानी संग्रहालय आणि डोंगरावरची यमाई.

एखादा प्रत्यक्ष प्लॅन सांगा. सांगलीहून चौघं, त्यात सत्तरीची आत्या.

२०२७ चंच घेऊ, द्वादशी रविवार १८ एप्रिल. आत्याला दर्शन हवंय, पोरांना कावडी हव्यात.

शनिवारी दुपारी सांगली सोडा, विटा-मायणी-दहिवडी करत या, मधी चहा धरून साडेतीन-चार तास. मुक्काम शिखरावर बघू नका, यात्रेत खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर रात्रभर ढोल. दहिवडी किंवा फलटणला राहा, महिनाभर आधी फोन करून. रविवारी सकाळी आत्याला हलवायचंच नाही, तिला लॉजवर पंख्याखाली बसू द्या, एक जण तिच्यासोबत. बाकीचे दीड वाजता निघून एसटीनं वर, तीनला जागा, तेल्या भुत्याची कावड चढली की लोंढा ओसरेपर्यंत बसून मग माघारी. जेवायला उशीर होणार हे धरून चाला.

सोमवारी पहाटे साडेचारला उठा आणि आत्याला घेऊन शिखरावर जा. रात्रीतनं बहुतेक लोंढा उतरलेला असतो, गाडी पुष्कळ वरपर्यंत जाते, दगड गार असतो. मी हे दोनदा केलंय, दोन्ही वेळा उजाडता उजाडता दर्शन झालं आणि म्हातारी माणसं पायरीवर टेकत टेकत चढली तरी मागनं कुणी रेटत नव्हतं. सगळीकडं पत्रावळ्या, गुलाल, तुटलेल्या चपला, झाडूवाले लागलेले, शोभा काही नाही, पण देव मोकळा असतो. आठला खाली.

माघारी जाताना औंधचं संग्रहालय करू असं डोक्यात येईल, पण सोमवार आहे, सरकारी संग्रहालयांचा सुट्टीचा वार. त्यापेक्षा गोंदवल्याला थांबा, अकराच्या आत पोचा, मग ऊन व्हायच्या आत विट्याकडं. आणि शिंगणापूरनंतर दोन दिवसांनी जोतिबाची चैत्र पौर्णिमा, सांगली-कोल्हापूरकडची सगळी वाहनं तिकडं वळलेली असतात, भाड्याची गाडी हवी असेल तर पाडव्याच्या आधीच सांगून ठेवा. एका वर्षी आमच्या गाडीवाल्यानं आदल्या रात्री जोतिबाचं जास्त भाडं आलं म्हणून आम्हाला टांग मारली, तेव्हापासून मी अर्धे पैसे आधी देतो.

ऊनही नको, गर्दीही नको. मग कधी?

पाऊस सरल्यावर, दिवाळीनंतर ते जानेवारी. सकाळी वर वारा असतो, स्वेटर लागतो, तळ्यात पाणी, देवळात तुम्ही आणि गुरव. सोमवार टाळा, महाशिवरात्र टाळा, श्रावणातले सोमवार तर अजिबात नको. एखाद्या मंगळवारी वगैरे जाऊन खांबन्‌खांब बघा, मग मुंगी घाटाच्या तोंडाशी जाऊन खाली कोथळ्याकडं बघा. रिकामा घाट बघितला ना, की मग चैत्रात तिथनं कावड कशी येते हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडतो, आणि पुढच्या यात्रेला तुम्ही मला मेसेज करताच.

कावडवाल्यांबरोबर कोथळ्यापासून वर चढता येईल का?

त्यांच्यातलं कुणी ओळखीचं असेल आणि ते स्वतः चल म्हणाले तर. नुसतं रील काढायला असेल तर आदल्या दिवशी सकाळी सातला रिकामाच चढून या, दम किती आहे ते कळेल.